दुरुस्तीच्या कामाचे किमान पैसे आणि उसवून पाहण्याचे पैसे: दुकानातील नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

दिवाळीचा महिना संपला. ऑक्टोबरभर दुकानात कपड्यांचा ढीग कधी कमी झाला नाही, मी आणि दुकानात कामाला असलेल्या ताई अशा आम्ही दोघींनी रात्री नऊपर्यंत मशीन चालवली, आणि तरीही भाडे, वीजबिल आणि ताईंचा पगार दिल्यावर माझ्या हाती उरलेली रक्कम ताईंच्या पगारापेक्षा कमी भरली. नवीन शिवण आम्ही जवळजवळ घेतच नाही. ब्लाउज आत घेणे किंवा सैल करणे, पँटची उंची कमी करणे, चेन बदलणे, हुक आणि बटणे लावणे, उसवलेली शिवण पुन्हा मारणे अशी आमची कामे आहेत. यांचे दर मी सात वर्षांपूर्वी आजूबाजूच्या दुकानांत विचारून ठरवले होते आणि पुढे दोन वेळा प्रत्येक कामामागे दहा रुपयांनी वाढवले. त्यामागे हिशेब असा कधी नव्हता.

म्हणून आजपासून प्रत्येक कपड्याला नावाच्या चिठ्ठीबरोबर वेळेची एक चिठ्ठी टाचायची असे ठरवले आहे. गिऱ्हाईक बोलू लागल्यापासून कपडा त्याच्या हाती परत जाईपर्यंत ज्या ज्या वेळी कपड्याला हात लागेल, त्या त्या वेळची मिनिटे त्या चिठ्ठीवर लिहायची. ताईंनी विचारले, "बोलण्याची मिनिटेसुद्धा धरायची का?" धरायची. मला शंका आहे ती नेमकी तिथेच आहे.

८ नोव्हेंबर

पहिल्या आठवड्यात ६१ कामांच्या चिठ्ठ्या जमल्या. त्यांतील एक इथे पूर्ण उतरवून ठेवते, कारण ती पाहिल्यावर माझा समज बदलला.

काम होते शर्टाचे एक बटण लावण्याचे, दर १० रुपये. शर्ट घेणे, कुठले बटण ते पाहणे, बाकीची बटणे घट्ट आहेत ना ते चाचपणे, पावती लिहिणे आणि चिठ्ठी टाचणे यांत चार मिनिटे गेली. डब्यातून त्याच मापाचे, चार भोकांचे, तशाच मोतिया रंगाचे बटण शोधून रंगाला जुळणारा दोरा काढण्यात तीन मिनिटे गेली. बटण लावायला दोन मिनिटे लागली. संध्याकाळी गिऱ्हाईक आल्यावर ढिगातून शर्ट शोधणे, दाखवणे, घडी घालून देणे आणि पैसे घेणे यांत आणखी तीन मिनिटे गेली. एकूण बारा मिनिटांतील सुई हातात होती ती दोन मिनिटे, आणि मी दर ठरवला होता तो त्या दोन मिनिटांचा.

बाकीच्या चिठ्ठ्यांतही हेच दिसते. काम लहान असो की मोठे, घेणे, जुळवणे, ठेवणे, शोधणे आणि देणे यांत सरासरी अकरा मिनिटे जातात. लेहेंग्याच्या कामात ती अकरा मिनिटे जाणवत नाहीत, पण हुकाच्या कामात तीच जवळजवळ सगळे काम असतात.

१५ नोव्हेंबर

मिनिटाचा भाव काढला. दुकानाचे भाडे ९,०००, वीज १,८००, ताईंचा पगार १४,०००, दोरे, सुया, तेल आणि मशीनची देखभाल मिळून २,२००, आणि माझा स्वतःचा पगार २२,००० रुपये, अशी महिन्याची बेरीज ४९,००० होते. माझा पगार यापूर्वी मी खर्चात कधीच धरला नव्हता. जे उरेल ते माझे, असा रिवाज होता. दुकान माझ्या जागी दुसऱ्या कुणाला चालवायला द्यायचे झाले तर त्या माणसाला पगार द्यावाच लागेल, म्हणून तो खर्च आहे आणि दरात धरलाच पाहिजे.

आता तास. दोघी जणी, महिन्याचे २५ दिवस, रोज आठ तास, म्हणजे ४०० तास. पण चिठ्ठ्यांवरची मिनिटे मिळवून पाहिली तेव्हा कपड्यांवर खर्च झालेला वेळ दिवसाच्या साठ टक्क्यांच्या आसपासच भरला. उरलेला वेळ दोरे आणि चेन आणायला बाजारात जाण्यात, मशीन पुसण्यात, वीज गेल्यावर थांबण्यात, नुसती चौकशी करून जाणाऱ्या लोकांशी बोलण्यात आणि आपलेच चुकलेले काम पुन्हा करण्यात जातो. तो वेळ टाळता येत नाही आणि त्याचे पैसेही कुणाकडे मागता येत नाहीत. म्हणून ४९,००० ला ४०० ने भागणे चुकीचे ठरले असते. २४० तासांनी भागले की तासाला साधारण २०४ रुपये, म्हणजे मिनिटाला ३ रुपये ४० पैसे पडतात.

या भावाने अकरा मिनिटांचे ३७ रुपये होतात. त्यात प्रत्यक्ष सुईची तीन-चार मिनिटे मिळवली की ५० रुपये होतात. आमचा किमान आकार, म्हणजे काम कितीही लहान असले तरी घ्यायचे पैसे, हा असाच ठरला. बटण लावण्याचे काही मी पन्नास रुपये घेणार नाही. कपडा दुकानात येऊन नीट परत जाण्याचे पन्नास रुपये आहेत आणि बटण त्यात बसते.

१७ नोव्हेंबर

हा आकार कपड्यामागे घ्यायचा की खेपेमागे, यावर ताईंशी बराच वेळ बोलणे झाले. चिठ्ठ्या पुन्हा पाहिल्यावर उत्तर सोपे निघाले. पावती एकच असते, बोलणे एकदाच होते, पैसे एकदाच घेतले जातात. दुसऱ्या कपड्यामुळे अकरा मिनिटे दुप्पट होत नाहीत, जेमतेम दोन-तीन मिनिटे वाढतात. म्हणून किमान आकार खेपेमागे घ्यायचा आणि त्याच खेपेतील पुढच्या लहान कामांना सुईच्या वेळाप्रमाणे दहा-दहा रुपये लावायचे.

आज एक काकू पाच ब्लाउजचे हुक लावायला घेऊन आल्या. जुन्या दराने पन्नास रुपये झाले असते, नव्या दराने ५० आणि चार वेळा १०, म्हणजे नव्वद रुपये झाले. त्या म्हणाल्या, "अहो, हुकांना नव्वद?" मी त्यांना दर सांगितला आणि हेही सांगितले की हे पाच ब्लाउज एकेक करून पाच खेपांत आणले असते तर अडीचशे झाले असते, त्यामुळे साठवून आणत जा. त्यांना ते पटले आणि ब्लाउज ठेवून गेल्या. पण त्याच दिवशी एक मुलगा जीन्सचे बटण घेऊन आला होता, तो पन्नास ऐकून निघून गेला. दोन्ही गोष्टी लिहून ठेवते.

यात दोन अपवाद ठरवले आहेत. मोठ्या कामासाठी आलेल्या कपड्याचे एखादे बटण सैल दिसले तर ते त्यातच लावून द्यायचे, त्याचे काही घ्यायचे नाही, कारण अकरा मिनिटांचे पैसे त्या कामात आधीच आलेले आहेत. दुसरा अपवाद समोर थांबून करून घेण्याच्या कामाचा आहे. गिऱ्हाईक उभे आहे, पावती नाही, चिठ्ठी नाही, कपडा ढिगात जाणार नाही आणि हातात दुसरे काम अर्धवट नाही, अशा वेळी एकूण पाच-सहा मिनिटेच लागतात. त्याचे २० रुपये घ्यायचे. मात्र हे दुपारी बारा ते चार या वेळेतच करायचे. संध्याकाळी गर्दीत समोरच्या एका माणसासाठी मशीनवरचा कपडा काढून ठेवला की रंगाचा दोरा बदलणे, बॉबिन बदलणे आणि सुटलेली शिवण पुन्हा धरणे यांत त्या कपड्याचीच मिनिटे वाढतात.

२२ नोव्हेंबर

लहान कामांचा प्रश्न मार्गी लागला. आता जी कामे किती वेळ घेतील ते सांगता येत नाही, त्यांच्याकडे वळते. थंडी पडू लागल्यापासून जॅकेटच्या चेनची कामे रोज येत आहेत. आमचा दर चेनसकट सरसकट २५० रुपये होता आणि मनात धरलेला वेळ चाळीस मिनिटांचा होता.

या महिन्यात आठ जॅकेटची चेन बदलली. चिठ्ठ्यांवरील मिनिटे लहानाकडून मोठ्याकडे अशी आहेत: ३५, ३८, ४०, ४२, ४५, ५०, ६५ आणि ११०. "चेनला किती वेळ लागतो?" असे कुणी विचारले असते तर मी चाळीस-पंचेचाळीस मिनिटे असेच सांगितले असते, आणि ते खोटेही नव्हते, कारण बहुतेक जॅकेटना तेवढाच वेळ लागला. पण आठांची बेरीज ४२५ मिनिटे होते, म्हणजे सरासरी ५३ मिनिटे. नेहमी जेवढा वेळ लागतो त्यावर दर बांधला आणि क्वचित जे लांबते ते नशिबाचे मानले, तर त्या क्वचितचा भार दर महिन्याला आपल्यावर पडतो. या आठ कामांत चाळीस मिनिटांच्या अंदाजापेक्षा १०५ मिनिटे जास्त गेली.

सरासरीवर सरसकट दर वाढवणे हा एक उपाय आहे, पण तो मला न्याय्य वाटत नाही. साध्या जॅकेटवाल्याने अवघड जॅकेटवाल्याचे पैसे का भरावेत? शिवाय तो शेजारच्या दुकानात जाईल आणि अवघड जॅकेटवाला तेवढा आमच्याकडे येत राहील. म्हणून लांबलेली दोन जॅकेट वेगळी काढून ती का लांबली हे पाहिले.

११० मिनिटांचे जॅकेट दुचाकीवर वापरायचे जाड जॅकेट होते. त्याच्या चेनवर वारा अडवणारी पट्टी होती आणि ती वेगळ्या शिवणीने बसवलेली होती. म्हणजे चेनपर्यंत पोहोचण्याआधी पट्टी उसवायची आणि चेन लावून झाल्यावर ती पुन्हा त्याच जुन्या भोकांवरून मारायची, कारण पाणी न शिरणाऱ्या कापडावर सुईची भोके बुजत नाहीत आणि शिवण जरा सरकली तरी जुनी रांग उघडी दिसते. चेनची वरची टोके कॉलरच्या आत गेलेली होती, त्यामुळे कॉलरचा कोपराही उघडावा लागला. त्यातच आधी कुणीतरी सुटलेली चेन गोंदाने चिकटवली होती. तो गोंद सुईला लागून टाके सुटत होते, दर वीतभर शिवणीनंतर सुई पुसावी लागत होती, आणि १८ नंबरच्या दोन सुया मोडल्या. चेन ८० रुपयांची होती, मजुरीचे १७० हाती आले आणि मिनिटांच्या भावाने मजुरी ३७४ झाली होती. शब्द दिलेला होता, म्हणून जास्त मागितले नाहीत.

६५ मिनिटांच्या जॅकेटला पट्टी होती, गोंद नव्हता. उरलेल्या सहांना चेनच्या कडेने शिवणीच्या एक किंवा दोनच रांगा होत्या आणि चेनची टोके बाहेरून दिसत होती. म्हणजे जे लांबते ते आधी दिसते, फक्त आम्ही पाहत नव्हतो.

२४ नोव्हेंबर

आजपासून जॅकेट हातात आल्यावर दर सांगण्याआधी काय पाहायचे ते ठरवले आहे. सर्वांत आधी चेन खरोखर बदलायची आहे का ते पाहायचे. दाते शाबूत असतील आणि रनर वर नेल्यावर मागून चेन उघडत असेल, तर बहुधा रनर झिजलेला असतो. पक्कडीने रनरच्या मागच्या दोन्ही कडा किंचित दाबून पाहाव्यात. चेन धरू लागली तर नुसता रनर बदलून काम होते आणि ते किमान आकारात आणि रनरच्या किमतीत बसते. रनरच्या पाठीवर बहुतेक वेळा ५, ८ असा आकडा असतो, त्याच आकड्याचा आणि त्याच जातीच्या चेनचा रनर लागतो. धातूच्या चेनचा रनर प्लास्टिकच्या चेनवर चालत नाही. खालची पिन किंवा ती जिच्यात बसते ती डबी तुटली असेल, तर मात्र पूर्ण चेनच बदलावी.

बदलायचीच असेल तर शिवणीच्या रांगा मोजायच्या, पट्टी आहे का ते पाहायचे, वरची टोके कॉलरमध्ये गेली आहेत का ते चाचपायचे, आणि आतल्या बाजूने कडकपणा लागतो का ते बोटाने पाहायचे, म्हणजे गोंद किंवा चिकटपट्टी कळते. यांतले काहीच नसेल तर मजुरी १५० आणि चेनची किंमत वेगळी. साध्या सहा जॅकेटची सरासरी ४२ मिनिटांच्या आत येते आणि तिचे १४२ रुपये होतात, म्हणून हा आकडा.

यांतले एक जरी आढळले तर लगेच दर सांगायचा नाही. ५० रुपये घेऊन थोडेसे उसवून पाहायचे आणि मग सांगायचे. हे पन्नास रुपये म्हणजे आपला किमान आकारच आहे. कपडा आला, नीट पाहिला गेला, आत काय आहे ते कळले, हे एक पूर्ण काम झाले. गिऱ्हाईकाने पुढचे काम दिले तर ते पन्नास बिलात वळते करायचे. नको म्हटले तर उसवलेली जागा पुन्हा शिवून कपडा परत द्यायचा आणि पन्नास ठेवायचे. पावतीवर हे छापून घेतले आहे, आणि घेताना तोंडीही सांगायचे आहे, कारण पावती कुणी वाचत नाही.

२ डिसेंबर

उसवून पाहण्याची रीत आज एका मोठ्या कामावर वापरली. एका मुलीने लेहेंग्यावरची चोळी आणली होती, बहिणीच्या लग्नात घालायची, दोन्ही बाजूंनी आत घ्यायची. मण्यांचे आरी काम बाजूच्या शिवणीपर्यंत आणि शिवणीच्या आतही गेलेले होते. शिवणीच्या रेषेत मणी राहिले तर मशीनच्या पायाखाली ते फुटतात किंवा सुई मोडते, म्हणून नव्या रेषेच्या दोन्ही बाजूंचे मणी काढावेच लागतात. आणि आरीचे काम साखळी टाक्याचे असते. मधला दोरा नुसता कापला तर ओळीतले पुढचे मणी आपोआप सुटत जातात. म्हणून कापण्याआधी उलट बाजूने दोरा पकडून गाठ मारावी लागते, आणि वेळ जातो तो या गाठींना.

पूर्वी अशा कामाला मी २५० रुपये सांगत असे. आज पन्नास रुपयांत पाच सेंटिमीटर जागा मोकळी करून घड्याळ लावले. मणी काढून गाठी मारायला ११ मिनिटे लागली. दोन्ही बाजू मिळून शिवण ४० सेंटिमीटर आहे, म्हणजे तिच्या आठपट, ८८ मिनिटे. दोन शिवणी आणि अस्तर मिळून २० मिनिटे, नव्या शिवणीवरून नक्षी जुळेल असे मणी परत लावायला ३० मिनिटे, आणि नेहमीची अकरा. एकूण १४९ मिनिटांचे साधारण ५०७ रुपये होतात. मुलीला फोन करून सांगितले, "पाचशे ते सहाशेच्या दरम्यान होतील, सहाशेच्या वर जायची वेळ आली तर आधी विचारीन." ती थोडा वेळ गप्प राहिली आणि हो म्हणाली.

५ डिसेंबर

अंदाज चुकला, आणि का चुकला ते समजले. मी नमुना चोळीच्या खालच्या कडेजवळ घेतला होता, कारण तिथे उसवणे सोपे आणि नजरेआड असते. पण वर मुंढ्याजवळ मण्यांची दाटी जवळजवळ दुप्पट होती. पहिली बाजू पूर्ण व्हायला सगळे धरून १०० मिनिटे गेली. दुसरीलाही तेवढीच लागली असती तर बिल ६८० वर गेले असते.

काम थांबवून मुलीला फोन केला आणि दोन पर्याय सांगितले. एक तर दुसऱ्या बाजूलाही सगळे मणी परत लावायचे आणि ऐंशी रुपये जास्त द्यायचे, नाहीतर काखेखालच्या तीन सेंटिमीटरमध्ये मणी परत न लावता जागा साधी ठेवायची, हात खाली असताना ती दिसत नाही. तिने दुसरा पर्याय घेतला आणि पहिल्या बाजूचे तिथले मणी लावले आहेत तसेच राहू द्या म्हणाली. दुसरी बाजू ७६ मिनिटांत झाली. एकूण १७६ मिनिटांचे ५९८ रुपये, बिल ६०० केले आणि त्यातून आधीचे पन्नास वजा केले. काढलेले मणी कागदाच्या पुडीत घालून चोळीबरोबर दिले.

नमुना यापुढे सर्वांत दाट किंवा सर्वांत जाड जागी घ्यायचा. एका जागेवर भागत नसेल तर दोन जागी घ्यायचा आणि आकडा मोठा येईल तो धरायचा. आणि निम्मे काम झाले की घड्याळ पाहायचेच. सहाशेची मर्यादा ओलांडल्यावर फोन करण्यात अर्थ नसतो, कारण तेव्हा गिऱ्हाईकाच्या हाती पर्याय उरलेला नसतो. मध्यावर केलेल्या फोनला दोन उत्तरे असू शकतात.

२० डिसेंबर

नवे दर लागून महिना झाला. किमान आकार ऐकून चौदा जण परत गेले, त्यांतील बहुतेक एकाच बटणासाठी किंवा एका हुकासाठी आले होते. लहान कामांची संख्या उतरली आणि खेपेला दोन-तीन कपडे आणणारे वाढले आहेत. उसवून पाहण्याचे पन्नास रुपये अकरा जणांना सांगितले. नऊ जणांनी दिले, त्यांतील सात जणांनी पुढचे काम दिले. दोघांनी कपडा परत नेला, त्यांतील एका काकांना मी स्वतःच सांगितले की या कोटाचे कापड शिवणीजवळ इतके विरले आहे की नवी शिवण धरणार नाही. ते पन्नास घेताना मला संकोच वाटला. ताई म्हणाल्या, "खरं सांगितलंत त्याचेच ते पैसे आहेत."

एका जातीचे काम अजून या रीतीत बसत नाही. ब्लाउज सैल करताना आत माया, म्हणजे शिवणीत दुमडून ठेवलेले जादा कापड, आहे का ते उसवण्याआधी चाचपून कळते, पण जुनी दुमड उलगडल्यावर तिथला रंग बाहेरच्या कापडापेक्षा गडद निघेल का, हे शिवण पूर्ण उघडेपर्यंत कळत नाही. पाच सेंटिमीटर उघडून पाहिले तर तेवढ्या जागेचे कळते आणि काखेजवळ घामाने रंग उतरलेला असेल तर ते राहूनच जाते. जानेवारीपासून रेशमी आणि गडद रंगाच्या ब्लाउजना नमुना काखेजवळच घ्यायचा आणि उघडलेली कड दिवसाच्या उजेडात गिऱ्हाईकाला दाखवून मगच दर सांगायचा, असे ठरवले आहे. त्यासाठी वेळेच्या चिठ्ठीवर "उजेडात दाखवले" असा एक रकाना वाढवून घेतला आहे.